मॅडम सुट्टीवर असताना पेपर बदलला: दोन मसुद्यांतले बदल सहलेखकाला कसे कळवावेत

शोधनिबंध मासिकाकडून दुरुस्तीसाठी परत येतो, सहा आठवड्यांची मुदत मिळते, आणि नेमक्या त्याच सहा आठवड्यांत चार लेखकांपैकी एक जण हाताशी नसतो. कोणी बाळंतपणाच्या रजेवर असतं, कोणी मोहिमेच्या ड्युटीवर. उरलेले तिघं दुरुस्त्या करतात आणि मुदतीच्या आठवडाभर आधी कोणाच्या तरी लक्षात येतं की मॅडमना यातलं काहीच माहीत नाही. मग गटातल्या सगळ्यात नव्या माणसाला सांगितलं जातं, "काय काय बदललंय ते त्यांना जरा लिहून पाठव."

त्या "जरा"चं काम कसं करायचं, ते मी इथे लिहिते आहे. पहिल्यांदा माझ्यावर आलं तेव्हा मी दोन ओळींची मेल टाकली होती: "भाषिक सुधारणा व काही किरकोळ बदल केले आहेत, नवी फाइल सोबत." सहलेखिकेने विश्वासाने मान डोलावली. पुढच्या महिन्यात एका बैठकीत त्यांनी आमच्याच पेपरचा जुना आकडा सांगितला आणि शेजारी बसलेल्या माणसाने नवा आकडा वाचून दाखवला. फाइल त्यांच्याकडे होती, पण माझ्या "किरकोळ" या शब्दामुळे त्यांनी ती उघडलीच नव्हती.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. आमच्या कामाच्या धर्तीवर मी ते बेतलं आहे, त्यातले आकडे सरावापुरते आहेत. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यातल्या आश्रमशाळांतल्या १२ ते १८ वयाच्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं. आठवड्याची लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी नियमित घेणाऱ्या मुलींमध्ये ॲनिमिया कमी आहे का, हा प्रश्न. रजेवरच्या मॅडम या गटातल्या एकमेव डॉक्टर. पेपर अर्थातच इंग्रजीत, पण त्यातली वाक्यं मी इथे मराठीत देते.

आधी नेमक्या कोणत्या दोन फाइल, ते ठरवा

नवखा माणूस इथेच चुकतो. तो फोल्डर उघडतो, शेवटची फाइल आणि तिच्या आधीची फाइल घेतो आणि तुलना सुरू करतो. पण मॅडमना "आधीच्या फाइलपासून" काय बदललं ते नको असतं, त्यांनी शेवटचं जे वाचलं तिथपासून काय बदललं ते हवं असतं. मधल्या काळात पाच फाइल झालेल्या असतात. त्यांनी वाचलेली बहुधा पहिल्यांदा मासिकाकडे गेलेली प्रत असते, पण गृहीत धरू नका. त्यांना पाठवलेली शेवटची मेल शोधा आणि तिला जोडलेली फाइल तिथूनच उतरवून घ्या. सामायिक फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल असली तरी तिच्यावर नंतर कोणी हात फिरवला नसेल याची खात्री नसते.

दुसरी फाइल म्हणजे मासिकाकडे जाणार आहे ती. "जवळजवळ तीच" चालणार नाही. गटातल्या मुख्य लेखकाकडून लेखी होकार घ्या की आता यात शब्दही बदलणार नाही. नाहीतर तुम्ही सारांश लिहीत असताना कोणीतरी चर्चेचा परिच्छेद दुरुस्त करत बसलेला असतो.

दोन्हींच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं अशी द्या की रात्री अकरा वाजताही घोटाळा होणार नाही: `A_madam_read.docx` आणि `B_resubmit.docx`. सोबत पुरवणी तक्त्यांची फाइल, आकृत्या आणि परीक्षकांना दिलेलं उत्तरपत्रही आणून ठेवा. उत्तरपत्राशिवाय हे काम अर्धंच होतं. दोन मसुदे शेजारी ठेवले की काय बदललं ते दिसतं, का बदललं ते उत्तरपत्रातच मिळतं.

यंत्राला हात लावण्याआधी अर्धा तास कागद

शीर्षक, सारांश आणि शेवटचा परिच्छेद, एवढंच दोन्ही फाइलींमधून छापून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने वाचा. तुलनेची सोय असताना हे कशाला, असं वाटेल. पण यंत्र तुम्हाला सातशे बदल एकाच वजनाने दाखवतं. "होते"चं "आहे" झालं तेही एक बदल, आणि निष्कर्ष उलटला तोही एकच बदल. आधी कागदावर वाचलं की गोष्टीचं वळण कुठे बदललं ते डोक्यात बसतं, आणि मग पुढच्या गर्दीत काय शोधायचं ते कळतं.

आमच्या उदाहरणात जुन्या सारांशाचं शेवटचं वाक्य असं होतं: "नियमित गोळी घेतल्याने ॲनिमिया कमी होतो." नव्यात: "नियमित गोळी घेणाऱ्या मुलींमध्ये ॲनिमियाचं प्रमाण काहीसं कमी आढळलं, मात्र हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या निश्चित नाही." या दोन वाक्यांमध्ये अख्खा पेपर बदलला आहे. आता पुढचं सगळं काम एकाच प्रश्नाचं: हे कशामुळे झालं?

तुलना लावताना

वर्डमध्ये `Review` खाली `Compare` आहे. जुनी फाइल `Original document` मध्ये, नवी `Revised document` मध्ये. ही जागा उलटली तर घातलेलं काढलेलं दिसतं आणि काढलेलं घातलेलं, आणि तुम्हाला ते वीस मिनिटांनी कळतं. त्याच खिडकीत `More` दाबलं की खाली खुणांच्या चौकोनांची यादी उघडते. `Formatting`, `White space` आणि `Case changes` या तिन्हींवरची खूण काढा. फक्त फॉन्ट आणि मोकळ्या जागा बदलल्याच्या शेकडो नोंदी तिथेच गळतात. `Tables` आणि `Footnotes and endnotes` मात्र राहू द्या. तक्त्याखालच्या बारीक टिपेतच पुष्कळदा "१८ मुली वगळल्या" असं लिहिलेलं असतं.

आणखी एक पर्याय आहे, `Show changes at`. तिथे `Word level` ठेवा. `Character level` ठेवलं की ४९.३ चं ५९.९ झालेलं दाखवताना तो एकेक अंक खोडतो आणि एकेक अंक घालतो, आणि ते वाचताना जुना आकडा कोणता होता हेच कळेनासं होतं. `Show changes in` मध्ये `New document` निवडा, म्हणजे मूळ दोन्ही फाइली जशाच्या तशा राहतात.

एखाद्या फाइलमध्ये आधीच्या खुणा शिल्लक असतील तर वर्ड बजावतो की त्या स्वीकारल्या आहेत असं धरून तुलना होईल. सहसा तेच हवं असतं. पण मॅडमनी वाचलेल्या फाइलमध्ये कोणाच्या तरी न स्वीकारलेल्या सूचना पडून असतील, तर त्या स्वीकारलेल्या धरल्या जातात आणि तो बदल तुमच्या यादीत दिसतच नाही. म्हणून A फाइल आधी एकदा उघडून पाहा.

लेटेकमध्ये लिहिणाऱ्यांसाठी हेच काम असं:

```
cd new
latexdiff --flatten ../old/main.tex main.tex > badal.tex
pdflatex badal.tex
```

प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतील तर `--flatten` हवंच, नाहीतर फक्त मुख्य फाइलीचा सांगाडा तुलनेला लागतो आणि "काहीच बदललं नाही" असं गोड चित्र दिसतं. गुंतागुंतीच्या तक्त्यांत कधीकधी हे अडखळतं आणि पीडीएफ बनत नाही. तेव्हा तेवढा तक्ता डोळ्यांनी ताडून पाहा, त्यासाठी दिवस घालवू नका.

नजरेआड राहणारे बदल

तुलनेवर पूर्ण भरवसा ठेवला तर फसण्याच्या तीन-चार जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, आकृत्या. चित्र म्हणून चिकटवलेल्या आलेखात काय बदललं ते तुलना वाचत नाही. लेटेकमध्ये `fig2.pdf` याच नावाने नवं चित्र ठेवलं असेल तर मजकुरात अक्षरही हलत नाही. प्रत्येक आकृती दोन खिडक्यांत उघडा आणि खांबांची उंची, अक्षावरचे आकडे, खाली लिहिलेली संख्या, एवढं तरी जुळवा. आमच्या उदाहरणात गंमत उलटी होती: सगळा मजकूर बदलला, पण आकृती २ जुनीच राहिली. तुलनेत तिथे काही दिसलं नाही, आणि नेमकं तेच चुकलेलं होतं.

दुसरी, हलवलेले परिच्छेद. एखादा परिच्छेद "चर्चा"मधून उचलून "पद्धती"मध्ये टाकला आणि टाकताना त्यात चार शब्द बदलले, तर वर्ड कधी तो हलवलेला म्हणून दाखवतो, कधी एका जागी पूर्ण खोडलेला आणि दुसऱ्या जागी पूर्ण नवा. मोठा खोडलेला तुकडा दिसला की त्यातला एखादा वेगळा शब्द घेऊन नव्या फाइलीत शोधा. सापडला तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ओळीने वाचा.

तिसरी जागा मला सगळ्यात धोक्याची वाटते: नुसतं काढून टाकलेलं वाक्य. घातलेलं वाक्य नवी फाइल वाचताना तरी दिसतं. काढलेलं वाक्य नवी फाइल दहा वेळा वाचली तरी दिसणार नाही. आणि शब्दमर्यादेत बसवताना पहिली कुऱ्हाड "मर्यादा" या परिच्छेदावरच पडते. जुन्या मसुद्यात होतं, "गोळी घेतल्याची माहिती मुलींनी स्वतः सांगितली आहे, शाळेच्या नोंदींशी ती ताडलेली नाही." नव्यात हे वाक्य नाही. कोणी मुद्दाम काढलं नव्हतं, शंभर शब्द कमी करायचे होते एवढंच. पण वाचणारा परीक्षक आता समजेल की ताडलेली आहे. म्हणून तुलनेच्या फाइलीत एक फेरी फक्त खोडलेला मजकूर वाचण्यासाठी करा, बाकी काही न बघता.

राहता राहिली संदर्भसूची. मध्ये एक नवा संदर्भ घुसला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि प्रत्येक ठिकाणी बदलाची खूण उमटते. त्या खुणांच्या मागे लागू नका. दोन्ही सूच्या वेगळ्या काढून लेखक आणि वर्ष यांवरून जुळवा: कोणता आला, कोणता गेला.

"सगळे" बदल म्हणजे सगळे, हे कसं राखायचं

यासाठी मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवलेली युक्ती आहे. तुलनेतून तयार झालेल्या फाइलीची एक प्रत घ्या आणि पहिल्या पानापासून सुरुवात करा. प्रत्येक खुणेवर थांबा. बदल निव्वळ भाषेचा असेल तर तिथल्या तिथे `Accept` दाबा, खूण निघून जाते. आशयाचा असेल तर खूण तशीच ठेवा. शेवटच्या पानावर पोचलात की फाइलीत ज्या खुणा उरल्या आहेत तीच तुमची यादी. काही सुटण्याचा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक खुणेवर तुम्ही काहीतरी निर्णय घेतलेला असतो.

निर्णय कशावर घ्यायचा? मी मनात एवढंच विचारते: या बदलामुळे कोणाला मोजलं, कसं मोजलं, किती निघालं, त्यावरून काय म्हटलं किंवा कोण जबाबदार, यातलं काही हललं का? हललं तर ठेवायचं. "मुलींची संख्या" चं "सहभागी मुलींची संख्या" झालं तर आधी जाऊ द्यावंसं वाटतं. पण "सहभागी" म्हणजे तपासलेल्या की संमती दिलेल्या? दोन्हींची संख्या वेगळी असेल तर तो शब्द आशयाचा आहे. संशय आला तर खूण ठेवा. शेवटी दहा जास्त उरल्या तरी चालतात, गाळणं सोपं आहे.

क्रियापदांवर जास्त वेळ द्या. "कमी होतो" आणि "कमी आढळला", "दाखवतं" आणि "सुचवतं", "कारणीभूत" आणि "संबंधित". इंग्रजीत तर एका `may` ने दाव्याचं वजन निम्मं होतं, आणि तुलनेत तो तीन अक्षरांचा लाल ठिपका दिसतो.

लेखकांची क्रमवारी, प्रत्येकाचं योगदान सांगणारा परिच्छेद, निधी, हितसंबंधांचं निवेदन, नैतिक समितीच्या परवानगीचा क्रमांक, विदा कुठे मिळेल ते, ही शेवटची पानं लोक चाळून सोडतात. मॅडम सगळ्यात आधी तिथेच पाहतील. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती लेखक म्हणवून घेण्यासाठी ज्या चार अटी सांगते, त्यांतली एक म्हणजे प्रकाशित होणाऱ्या मसुद्याला अंतिम संमती. ज्याने मसुदा पाहिलाच नाही त्याची संमती कसली घेणार?

खुणा पानांच्या क्रमाने नको, कारणाच्या क्रमाने

आमच्या उदाहरणात गाळणी लावल्यावर एकतीस खुणा उरल्या. नवखा माणूस त्या एकतीस ओळींची यादी पाठवतो: पान १, पान २, पान ३. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, कारण एकाच निर्णयाची पिल्लं सात पानांवर विखुरलेली असतात. त्यांना त्यांच्या आईपाशी नेऊन बसवायचं.

उत्तरपत्र उघडून पाहिलं तर निर्णय तीनच निघाले. एक, शाळेतल्या तपासणीत सिकलसेल पॉझिटिव्ह आलेल्या १८ मुली वगळल्या, म्हणून ४१२ च्या ३९४ झाल्या. दोन, हिमोग्लोबिनला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची दुरुस्ती लावली. तीन, विश्लेषणात मुलीची पाळी सुरू झाली आहे का, हा घटक धरला.

दुसऱ्या निर्णयावर थोडं थांबते, कारण "एका ओळीचा बदल" म्हणजे काय ते इथे दिसतं. उंचावर हवा विरळ असते, शरीर त्याची भरपाई म्हणून हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे उंचावरच्या माणसाचा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून तो थोडा कमी करून मग मर्यादेशी ताडायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आधीच्या शिफारशीत हजार मीटरांखाली ही वजावट नव्हती. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती ५०० मीटरांपासून सुरू केली: ५०० ते ९९९ मीटरांसाठी डेसीलिटरमागे ०.४ ग्रॅम. आमच्या शाळा याच पट्ट्यातल्या. म्हणजे जिचं हिमोग्लोबिन १२.२ आलं ती मुलगी जुन्या मसुद्यात १२ च्या मर्यादेच्या वर, निरोगी. नव्यात तीच ११.८, ॲनिमिक. मुलगी तीच, रक्ताचा थेंब तोच. मसुद्यात याची खूण म्हणजे "पद्धती"मध्ये घातलेलं एक वाक्य आणि एक नवा संदर्भ, आणि मग निकालांतला जवळजवळ प्रत्येक आकडा.

ॲनिमियाचं प्रमाण २०३/४१२ म्हणजे ४९.३ टक्के होतं, ते २३६/३९४ म्हणजे ५९.९ टक्के झालं. आता इथे थांबून विश्लेषण करणाऱ्याला फोन करायचा. वगळलेल्या १८ पैकी किती ॲनिमिक होत्या? बारा. उंचीच्या दुरुस्तीने नव्याने किती आल्या? पंचेचाळीस. २०३ उणे १२ अधिक ४५, बरोबर २३६. हिशेब जुळला. न जुळता तर समजायचं की चौथा निर्णय कुठेतरी लपलाय आणि उत्तरपत्रात लिहायचा राहिलाय. असं होतं, आणि ते पकडण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

मुख्य निकालाचंही असंच. ऑड्स रेशो ०.६२ होता, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.४१ ते ०.९३. आता ०.७१ आहे, ०.४६ ते १.०९. वरचं टोक १ च्या पलीकडे गेलं, म्हणजे गोळीने काहीच फरक पडत नसल्याची शक्यताही उरली, म्हणून सारांशाचं वाक्य मवाळ झालं. पण तीनपैकी कोणत्या निर्णयाने? मसुद्यावरून ते कधीच सांगता येणार नाही, आणि अंदाजाने लिहायचं तर मुळीच नाही. विश्लेषकाला एकेक पायरी वेगळी चालवायला सांगा. आमच्याकडे नुसत्या मुली वगळल्यावर ०.६३, उंचीची दुरुस्ती घातल्यावर ०.७०, पाळीचा घटक धरल्यावर ०.७१. म्हणजे मोठी हालचाल उंचीची.

जुने आकडे कुठे चिकटून राहिलेत

हे तुमचं काम नाही असं वाटेल, पण फाइल इतक्या बारकाईने पुन्हा कोणी पाहणार नाही. नव्या फाइलीत जुने आकडे शोधा: `412`, `49.3`, `0.62`. आमच्याकडे तक्ता २ च्या मथळ्यात ४१२ तसाच सापडला. आकड्यांचा शोध संपला की अक्षरी संख्या शोधा. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला संख्या अक्षरांत लिहितात, त्यामुळे `Four hundred and twelve` हे आकड्याच्या शोधातून निसटतं. त्याहून निसटतं ते "सुमारे निम्म्या मुली". ४९.३ ला ते बरोबर होतं. ५९.९ ला दर पाचांतल्या तीन मुली होतात, पण चर्चेच्या दुसऱ्या परिच्छेदात "निम्म्या" अजून बसलेलं होतं. असलं काही सापडलं तर स्वतः दुरुस्त करू नका, मुख्य लेखकाला कळवा. तुम्ही गोठवलेली फाइल हलवलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

पत्र

एक पान. पहिल्याच ओळीत निष्कर्ष बदलला की नाही ते. त्यानंतर निर्णय, प्रत्येकाचं कारण आणि परिणाम. मग त्यांचा स्वतःचा मजकूर कुठे बदलला, काय मुद्दाम बदललं नाही, आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवंय. आपली वकिली नको. "परीक्षकाच्या आग्रहामुळे नाइलाजाने" किंवा "यामुळे पेपर अधिक भक्कम झाला" असलं काही लिहायचं नाही. काय होतं, काय आहे आणि का, एवढंच.

> मॅडम, नमस्कार.
>
> तुम्ही मार्चमध्ये वाचलेला मसुदा आणि आता पाठवायचा मसुदा ताडून पाहिले. मुख्य निष्कर्ष बदलला आहे: गोळी आणि ॲनिमिया यांचा संबंध आता सांख्यिकीय दृष्ट्या निश्चित राहिलेला नाही (ऑड्स रेशो ०.६२ [०.४१–०.९३] होता, आता ०.७१ [०.४६–१.०९]). सारांशात "ॲनिमिया कमी होतो" ऐवजी "प्रमाण काहीसं कमी आढळलं" असं केलं आहे.
>
> तीन निर्णयांमुळे हे झालं.
> १. परीक्षक १, मुद्दा ४: सिकलसेल पॉझिटिव्ह १८ मुली वगळल्या. ४१२ → ३९४. "पद्धती"तलं नवं वाक्य: "शालेय तपासणीत सिकलसेल पॉझिटिव्ह आढळलेल्या मुलींना वगळण्यात आलं."
> २. परीक्षक २, मुद्दा १: २०२४ च्या सूचनांप्रमाणे उंचीची दुरुस्ती (०.४ ग्रॅम वजा). ॲनिमिया ४९.३% → ५९.९%. ऑड्स रेशो मुख्यतः यामुळे सरकला.
> ३. परीक्षक २, मुद्दा ३: पाळी सुरू झाली आहे का, हा घटक विश्लेषणात घेतला. परिणाम अगदी थोडा.
>
> तुमच्या परिच्छेदात (चर्चा, ३) शेवटची दोन वाक्यं काढली आहेत, जुना आणि नवा मजकूर खाली जसाच्या तसा दिला आहे. "मर्यादा"मधून मुलींनी स्वतः दिलेल्या माहितीविषयीचं वाक्य शब्दमर्यादेसाठी गेलं आहे, ते परत घालावं असं मला वाटतं. शाळांनुसार वेगळे तक्ते देण्याची परीक्षक १ ची सूचना आपण मानलेली नाही, कारण उत्तरपत्रात आहे.
>
> लेखकक्रम, निधी, नैतिक परवानगी यांत बदल नाही. तक्ता २ चा मथळा, आकृती २ आणि चर्चेतलं "निम्म्या मुली" जुन्या आकड्यांवर राहिलं आहे, सरांना कळवलं आहे.
>
> तुमच्याकडून हवं: निर्णय १ वर वैद्यकीय मत, आणि अंतिम मसुद्याला संमती. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर मुदतीत बसेल. सोबत नवी फाइल, खुणांची पीडीएफ आणि उत्तरपत्र.

या पत्रातल्या दोन गोष्टी मी पूर्वी करत नसे. एक म्हणजे, जे बदललं नाही तेही सांगणं. नाहीतर "लेखकक्रम तोच आहे ना?" असा संकोचाने विचारलेला फोन येतो. दुसरी म्हणजे, महत्त्वाच्या ठिकाणी गोषवारा न देता मूळ वाक्यच उतरवणं. मसुदा ज्या शब्दांत आहे त्या शब्दांतच त्यांना दिसला पाहिजे, माझ्या शब्दांत नाही.

उदाहरणातल्या मॅडमचं उत्तर गुरुवारी रात्री आलं, चार ओळींचं. "निष्कर्षाचं मान्य. मर्यादेचं वाक्य परत घाला. पण ते 'सिकलसेल पॉझिटिव्ह' म्हणजे काय? शाळेत सोल्युबिलिटी टेस्ट करतात, तिच्यात वाहक आणि रुग्ण दोन्ही पॉझिटिव्ह येतात. नुसत्या वाहक मुलींना वगळायचं कारण नाही. या अठरांपैकी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी कोणाकोणाची झाली आहे ते रजिस्टरमधून काढा, मग संमती देते." मी तुलनेची फाइल बंद करून रजिस्टरचं फोल्डर उघडलं.